पासबुकाचा फोटो आणि सात हजार चारशे पंधरा रुपयांचा फरक

मार्च संपला की सोसायट्यांच्या खजिनदारांकडून हिशेब लिहिणाऱ्याच्या मोबाइलवर दोन फोटो येतात. एक बँकेच्या पासबुकाचा, एक कॅश बुकाचा. सोबत एक ओळ असते: ‘जुळत नाहीये, बघा.’ अकरावी कॉमर्सच्या मुलांसमोर परीक्षेत हाच प्रश्न दोन उताऱ्यांच्या रूपात येतो. फरक इतकाच, की तिथे छपाई स्वच्छ असते आणि इथे पानावर फ्लॅशचा पांढरा डाग असतो. बँक जुळवणी पत्रक शिकायला मला हे फोटोवालं रूप जास्त आवडतं, कारण त्यात आधी आकडे नीट वाचावे लागतात आणि मग कारणं शोधावी लागतात. नुसता नमुना पाठ करून इथे निभावत नाही.

समजावण्यापुरती एक सोसायटी घेऊ. पुण्यातली छोटी गृहनिर्माण संस्था, महिन्याचा मेंटेनन्स घरटी ३,५०० रुपये, बँकेत बचत खातं. महिना मार्च २०२४. कॅश बुकाच्या फोटोत बँकेच्या रकान्यात हे दिसतं.

| नावे बाजू (बँकेत आलेले) | रुपये | जमा बाजू (बँकेतून गेलेले) | रुपये |
|---|---|---|---|
| १ मार्च, आरंभीची शिल्लक | ६४,३५० | ६ मार्च, चेक ११८, सफाई | ८,५०० |
| ५ मार्च, सदस्यांचे चेक भरले | १०,५०० | १४ मार्च, चेक ११९, लिफ्ट देखभाल | ६,७८० |
| १२ मार्च, रोख भरणा | १४,००० | २१ मार्च, चेक १२०, पाण्याचे टँकर | १२,४०० |
| २० मार्च, सदस्याचा चेक भरला | ७,००० | २८ मार्च, चेक १२१, प्लंबर | ५,६०० |
| ३० मार्च, फलकाच्या भाड्याचा चेक भरला | ९,००० | ३१ मार्च, अखेरची शिल्लक | ७१,५७० |

आणि हे पासबुक:

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ मार्च | मागील शिल्लक | | | ६७,५५० |
| २ मार्च | चेक ११७ | ३,२०० | | ६४,३५० |
| ६ मार्च | क्लिअरिंग | | ३,५०० | ६७,८५० |
| ६ मार्च | क्लिअरिंग | | ३,५०० | ७१,३५० |
| ६ मार्च | क्लिअरिंग | | ३,५०० | ७४,८५० |
| ७ मार्च | चेक ११८ | ८,५०० | | ६६,३५० |
| ७ मार्च | चेक रिटर्न | ३,५०० | | ६२,८५० |
| ७ मार्च | रिटर्न चार्जेस | १७७ | | ६२,६७३ |
| १२ मार्च | रोख | | १४,००० | ७६,६७३ |
| १५ मार्च | ईसीएस, वीजबिल | (डाग) | | ७२,४१३ |
| १८ मार्च | चेक ११९ | ६,८७० | | ६५,५४३ |
| १९ मार्च | एनईएफटी | | ३,५०० | ६९,०४३ |
| २१ मार्च | क्लिअरिंग | | ७,००० | ७६,०४३ |
| २६ मार्च | चेक १२० | १२,४०० | | ६३,६४३ |
| ३१ मार्च | व्याज | | ५१२ | ६४,१५५ |

कॅश बुक म्हणतं बँकेत ७१,५७० आहेत, बँक म्हणते ६४,१५५. फरक ७,४१५ रुपयांचा.

बहुतेक जण इथेच चूक करतात. ते ७,४१५ हा आकडा शोधायला लागतात, किंवा त्याचा निम्मा, किंवा तेवढ्या रकमेचं एखादं बिल. पण ७,४१५ ही कुठल्याच व्यवहाराची रक्कम नाही. काही कारणांनी पासबुकातली शिल्लक कमी झाली, काहींनी वाढली, आणि त्या सगळ्यांची वजाबाकी होऊन हा आकडा उरला आहे. म्हणून तो आधी बाजूला ठेवायचा आणि अगदी शेवटी, सगळी कारणं सापडल्यावर, पडताळ्यासाठी पुन्हा हातात घ्यायचा.

पहिलं काम फोटो वाचण्याचं. पासबुकात प्रत्येक ओळीच्या शेवटी शिल्लक छापलेली असते आणि ही शिल्लकच आपली सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे. वरची शिल्लक, त्यात जमा मिळवा किंवा नावे वजा करा, खालची शिल्लक आली पाहिजे. १५ मार्चच्या ओळीवर फ्लॅशचा डाग पडलाय, वीजबिलाची रक्कम दिसत नाही. पण वर ७६,६७३ आहेत आणि खाली ७२,४१३, म्हणजे बिल ४,२६० रुपयांचं. फोटो परत मागवायची गरज नाही. छपाई फिकट असली की ३ आणि ८, ५ आणि ६ यांतही गफलत होते, तिथेही हाच उपाय. रक्कम नावे रकान्यात आहे की जमा, हे तिरक्या फोटोत कळेनासं झालं, तर शिल्लक वाढली की घटली ते बघायचं.

कॅश बुक हाताने लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक ओळीला शिल्लक नसते. तिथे साक्षीदार एकच, बेरीज. नावे बाजूची बेरीज १,०४,८५० येते, जमा बाजूला चार चेकचे मिळून ३३,२८०, वजाबाकी ७१,५७०. म्हणजे आपण आकडे बरोबर वाचले आणि लिहिणाऱ्याची बेरीजही बरोबर आहे. मराठी आकड्यांत लिहिलेल्या वहीत घाईत काढलेले १ आणि ९ सारखेच दिसतात, म्हणून ही बेरीज टाळू नये. खुद्द बेरीजच चुकलेली असेल, तर तेही फरकाचं एक स्वतंत्र कारण ठरतं.

आणखी एक गोष्ट फोटोतच तपासायची: शेवटच्या ओळीची तारीख. पासबुक २८ मार्चला भरून आणलेलं असतं, तर त्यात व्याजाची ओळ आलीच नसती आणि ६३,६४३ ही ‘अखेरची’ शिल्लक वाटली असती. पानावरची शेवटची शिल्लक म्हणजे ३१ मार्चची शिल्लक असं धरून चालता येत नाही.

आता आरंभीच्या शिलका बघा. कॅश बुक ६४,३५० पासून सुरू होतं, पासबुक ६७,५५० पासून. ३,२०० रुपयांचा फरक मार्च सुरू होण्याआधीपासूनच आहे. पासबुकात २ मार्चला चेक ११७ वटलाय, रक्कम नेमकी ३,२००. मार्चच्या कॅश बुकात हा चेक शोधून सापडणार नाही, कारण तिथले चेक ११८ पासून सुरू होतात. तो फेब्रुवारीत लिहिला गेला आणि तेव्हाच कॅश बुकातून वजा झाला. बँकेत तो मार्चमध्ये पोचला आणि त्या क्षणी जुना फरक मिटला. नवशिका ही ओळ बघतो, कॅश बुकात ती नाही हे त्याला दिसतं आणि तो ‘बँकेने परस्पर नावे टाकले’ असं लिहून मोकळा होतो. मग उत्तर बरोबर ३,२०० ने चुकतं. आरंभीच्या शिलका जुळवल्याशिवाय पुढच्या एकाही ओळीवर खूण करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर खुणा. कॅश बुकाची नावे बाजू पासबुकाच्या जमा रकान्याशी लावायची आणि कॅश बुकाची जमा बाजू पासबुकाच्या नावे रकान्याशी. सोसायटीच्या दृष्टीने बँकेतले पैसे हे येणं आहे, बँकेच्या दृष्टीने तेच सोसायटीचं देणं. म्हणून बाजू उलट्या. जे दोन्हीकडे सापडेल त्यावर दोन्हीकडे खूण. दोन्ही उतारे एकाच महिन्याचे असले की बिनखुणेच्या ओळींत फरकाची कारणं असतात.

५ मार्चला कॅश बुकात १०,५०० ची एकच ओळ आहे, पासबुकात ३,५०० च्या तीन. भरणा स्लिप एक, चेक तीन, बँकेने प्रत्येक चेक वेगळा दाखवला. तिन्हींची बेरीज करून खूण करायची. १२ तारखेचे रोख १४,००० आणि २० तारखेचे ७,००० सरळ जुळतात. ७,००० चा चेक पासबुकात एक दिवस उशिरा दिसतो, पण महिन्याच्या आत आला म्हणून त्याने फरक पडत नाही. जमा बाजूला ११८ आणि १२० जुळले.

११९ वर मात्र थांबा. नंबर जुळतो, रक्कम जुळत नाही. कॅश बुकात ६,७८०, पासबुकात ६,८७०. पासबुकाच्या फोटोत आपण ७ आणि ८ उलट वाचले का? शिल्लक विचारा: ७२,४१३ मधून ६,८७० गेले की ६५,५४३, छापलंय तेच. म्हणजे बँकेकडून ६,८७० च गेले. कॅश बुकाची बेरीजही ६,७८० धरूनच जुळली होती, म्हणजे तिथे खरोखर ६,७८० लिहिलंय. चेकचं अर्धुक किंवा लिफ्टवाल्याचं बिल काढून बघितलं की कळेल, चेक ६,८७० चाच होता आणि वहीत उतरवताना अंक उलटे पडले. पासबुकातली शिल्लक त्यामुळे ९० ने कमी. शेजारशेजारचे दोन अंक असे उलटले की होणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो. फक्त ही युक्ती मूळ ७,४१५ ला लावून उपयोग नाही, बाकीची सगळी कारणं काढून टाकल्यावर जे उरेल त्यालाच ती लागू पडते. नुसता चेक नंबर बघून खुणा करत गेलेल्या माणसाच्या हाती शेवटी ९० उरतात आणि तेव्हा तिचा खरा उपयोग होतो.

चेक ११७ आणि ११९ चा निकाल लागला, बिनखुणेच्या ओळी आता मोजक्या उरल्या. कॅश बुकात दोन आहेत. ३० मार्चला भरलेला ९,००० चा चेक पासबुकात नाही. त्या दिवशी शनिवार होता, महिन्यातला पाचवा, त्यामुळे बँक उघडी होती. दुसऱ्या दिवशी रविवार आणि १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांचे व्यवहार बंद. चेक २ एप्रिलच्या आधी जमा होणं अवघडच होतं. दुसरी ओळ चेक १२१ ची. २८ तारखेला लिहून प्लंबरला दिला, २९ ला गुड फ्रायडेची सुट्टी, आणि त्याने तो महिनाअखेरपर्यंत बँकेत टाकलाच नाही. पहिल्या चेकमुळे पासबुकातली शिल्लक ९,००० ने कमी दिसते, दुसऱ्यामुळे ५,६०० ने जास्त.

या दोन कारणांचा स्वभाव वेगळा आहे. भरलेल्या चेकचा उशीर बँकांच्या क्लिअरिंगमुळे होतो आणि तो आता आक्रसत चालला आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर सलग चालणारं क्लिअरिंग सुरू केलं, त्यामुळे पूर्वी दुसऱ्या दिवशी वटणारा चेक आता त्याच दिवशी वटू शकतो. दिलेला चेक समोरच्याने कधी भरायचा हे मात्र त्याच्याच हातात राहतं. चेकची मुदत तारखेपासून तीन महिन्यांची असते, १ एप्रिल २०१२ पूर्वी ती सहा महिने होती. जूनअखेरही चेक १२१ ‘न वटलेला’ म्हणून पत्रकात दिसत राहिला, तर तो आता वटणारच नाही. तेव्हा तो कॅश बुकात उलट नोंदीने परत घ्यायचा आणि प्लंबरचं देणं उभं करायचं. वर्षानुवर्षं तोच चेक पत्रकात पुढे ओढत नेणाऱ्या सोसायट्या आहेत आणि लेखापरीक्षक त्यावर हमखास बोट ठेवतो.

पासबुकातल्या बिनखुणेच्या ओळी पाच: परत आलेला चेक ३,५००, त्याचे चार्जेस १७७, ईसीएसने गेलेलं वीजबिल ४,२६०, एनईएफटीने आलेले ३,५०० आणि व्याज ५१२. १७७ हा आकडा आधी विचित्र वाटतो. १५० रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७, म्हणजे १७७. बँकेच्या चार्जेसचे आकडे असे अडनिडे असतात आणि त्यावरूनच ते ओळखू येतात.

इथे एक सापळा आहे आणि माझ्या मते या साऱ्या प्रश्नातली तीच सर्वात महत्त्वाची जागा. ३,५०० नावे, ३,५०० जमा. दोन्ही एकमेकांना खातात. कोणी म्हणेल, ज्याचा चेक परत आला त्यानेच १९ तारखेला ऑनलाइन पैसे पाठवले असतील, सोडून द्या. सोडून दिलं तरी शेवटचा आकडा बरोबरच येईल. पत्रक जुळेल, कोणालाही संशय येणार नाही. पण सगळ्यांचा मेंटेनन्स ३,५०० च आहे, पैसे कोणीही पाठवलेले असू शकतात. पासबुकात एनईएफटीपुढचं नाव अर्धंच छापलेलं असतं किंवा नुसता लांबलचक नंबर असतो. ते पैसे दुसऱ्याच कोणा सदस्याचे निघाले, तर ज्याचा चेक परत आला त्याची थकबाकी वहीतून गायब होते आणि ज्याने वेळेवर पैसे भरले त्याला थकबाकीची नोटीस जाते. म्हणून कारणं दोन वेगळी लिहायची आणि त्यांची नावंही वेगळी ठेवायची: एक चेकचा अनादर, दुसरं ग्राहकाने परस्पर बँकेत भरलेली रक्कम. सोसायटीत दोन चौकशा करायच्या. बँकेकडून रिटर्न मेमो मागवायचा, त्यावर चेक नंबर आणि परतीचं कारण असतं. आणि एनईएफटी कोणाची हे बँकेच्या स्टेटमेंटवरून किंवा सदस्यांना विचारून पक्कं करायचं. परीक्षेतही दोन ओळी वजाबाकी करून गाळल्या, तर त्या दोन्ही कारणांचे गुण जातात.

आता पत्रक मांडू. मिळवायचं की वजा करायचं याचे तक्ते पाठ करण्यात मुलांची बरीच शक्ती जाते. त्याऐवजी प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारावा: यामुळे पासबुकातली शिल्लक कॅश बुकापेक्षा जास्त झाली की कमी? कॅश बुकापासून निघालो असू तर जास्त झाली की मिळवा, कमी झाली की वजा करा. पासबुकापासून निघालो तर नेमकं उलट. खातं अधिविकर्षात असलं, तर सुरुवातीचा आकडा उणे धरायचा आणि हाच प्रश्न तसाच विचारायचा.

कॅश बुकाप्रमाणे शिल्लक ७१,५७०. मिळवायचे: न वटलेला चेक ५,६००, एनईएफटी ३,५०० आणि व्याज ५१२, मिळून ९,६१२. झाले ८१,१८२. वजा करायचे: जमा न झालेला चेक ९,०००, परत आलेला ३,५००, चार्जेस १७७, वीजबिल ४,२६० आणि अंक उलटल्याचे ९०, मिळून १७,०२७. उरले ६४,१५५, पासबुकाची शिल्लक. बाजूला ठेवलेले ७,४१५ रुपये आता आपोआप समजतात: १७,०२७ वजा ९,६१२.

परीक्षेचं उत्तर इथे संपतं, सोसायटीचं काम संपत नाही. आठ कारणांपैकी सहा अशी आहेत की ती कॅश बुकात लिहिलीच पाहिजेत: व्याज, एनईएफटी, परत आलेला चेक, चार्जेस, वीजबिल आणि ९० रुपयांची दुरुस्ती. त्यांची नोंद केली की ७१,५७० चे ६७,५५५ होतात. मग पत्रकात फक्त दोन ओळी उरतात, ५,६०० मिळवा आणि ९,००० वजा करा, की ६४,१५५. ३१ मार्चच्या ताळेबंदात बँकशिल्लक म्हणून ६७,५५५ जायला हवेत. ७१,५७० हा आकडा अपुऱ्या नोंदींचा आहे. आणि ६४,१५५ लिहिले, तर प्लंबरला दिलेला चेक आणि भाड्यापोटी आलेला चेक, दोन्ही हिशेबाबाहेर राहतात.

परीक्षेत याच प्रश्नाचं एक फसवं भावंड येतं. कॅश बुकाचा उतारा मार्चचा आणि पासबुकाचा एप्रिलचा. फोटो पाठवणारेही कधी पुढच्याच पानाचा पाठवतात. मुलं सवयीने बिनखुणेच्या ओळी उचलतात आणि सगळंच उत्तर उलटं होतं. दोन वेगळ्या महिन्यांत बहुतेक ओळी जुळणारच नाहीत. मार्चमध्ये लिहिलेले आणि मार्चमध्येच वटलेले चेक एप्रिलच्या पानावर कशाला येतील? जे दोन्ही पानांवर दिसतं तेच ३१ मार्चला अधांतरी होतं: आपण मार्चमध्ये लिहिलं, बँकेने एप्रिलमध्ये. म्हणून इथे खुणा झालेल्या ओळी हीच कारणं.

आपल्या सोसायटीच्या एप्रिलच्या पानावर २ एप्रिलला ९,००० जमा आणि ५ एप्रिलला चेक १२१ चे ५,६०० नावे दिसले, तर ते दोनच ३१ मार्चच्या पत्रकात जातील. त्याच पानावर ८ एप्रिलला चेकबुकाचे चार्जेस कापलेले असले, तरी ते घ्यायचे नाहीत. ३१ मार्चला ते बँकेच्या पुस्तकातही नव्हते आणि आपल्याही. एक मर्यादा मात्र आहे. मार्चमध्येच बँकेने परस्पर केलेल्या नोंदी, म्हणजे व्याज, वीजबिल, परत आलेला चेक, एप्रिलच्या पानावर दिसणारच नाहीत. परीक्षेतला उतारा त्या नाहीत असं गृहीत धरूनच रचलेला असतो. खऱ्या सोसायटीत ते गृहीत धरता येत नाही. तिथे कॅश बुकाच्या शिलकेत ५,६०० मिळवून आणि ९,००० वजा करून पासबुकाची १ एप्रिलची आरंभीची शिल्लक येते का हे बघायचं. ती आली नाही, तर खजिनदारांकडून मार्चच्या पानाचाही फोटो मागवून घ्यावा.